तिसाव्या क्युबिटवर लॅपटॉप का अडतो

क्वांटम संगणकाचं गणित करायला क्वांटम संगणक लागत नाही. साधा लॅपटॉप, पायथन आणि नम्पाय एवढ्यावर ते अगदी तंतोतंत होतं. वीस क्युबिटचं सर्किट चालवायचं असेल तर एखादं गेट लावायला डोळ्याचं पातं लवेपर्यंतचा वेळही पुष्कळ झाला. अठ्ठावीस क्युबिटना मात्र पंखा घरघरू लागतो, आणि तिसाला १६ जीबी रॅमचा लॅपटॉप हात टेकतो. वीस आणि तीस या आकड्यांत दीडपटीचा फरक दिसतो. मेमरीच्या हिशेबात तो १०२४ पट आहे.

हा हिशेब येतो कुठून, ते कोडच्या चार ओळींत दिसतं.

```python
import numpy as np
n = 3
psi = np.zeros(2**n, dtype=np.complex128)
psi[0] = 1
```

तीन क्युबिट मोजले तर उत्तर 000 पासून 111 पर्यंतच्या आठ शक्यतांपैकी कुठलंही एक येऊ शकतं. प्रत्येक शक्यतेसाठी एक संमिश्र संख्या ठेवावी लागते. तिला अॅम्प्लिट्यूड म्हणतात, आणि तिच्या परिमाणाचा वर्ग म्हणजे ते उत्तर येण्याची संभाव्यता. या आठ संख्यांची रांग म्हणजे स्टेट व्हेक्टर. रांगेतल्या घराचा क्रमांक द्विमान पद्धतीत लिहिला की तोच क्युबिटांचा पत्ता होतो: ५ क्रमांकाचं घर म्हणजे 101. वरच्या शेवटच्या ओळीचा अर्थ इतकाच, की सुरुवातीला सगळे क्युबिट शून्यावर आहेत आणि बाकी घरं रिकामी आहेत.

आता चौथा क्युबिट आणा. प्रत्येक पत्त्याला एक अंक जास्त लागला. जुन्या 101 ची 0101 आणि 1101 अशी दोन घरं झाली, आणि हे एकूण एक घराच्या बाबतीत घडलं. नवा क्युबिट रांगेच्या शेपटाला दोन घरं जोडून थांबत नाही, सगळी रांगच दुप्पट करतो.

`complex128` प्रकारच्या संख्येला १६ बाइट लागतात, आठ वास्तव भागाला आणि आठ काल्पनिक भागाला. वीस क्युबिटची रांग म्हणजे १६ एमबी. मोबाइलवरच्या दोन-चार फोटोंएवढी. सव्विसाला १ जीबी होते, आणि तिथून पुढे २, ४, ८ करत तिसाव्या क्युबिटला १६ जीबी. तेवढ्यात १०७ कोटींहून जास्त संख्या बसलेल्या असतात.

चाणाक्ष वाचक इथे एक शंका काढेल, आणि ती रास्त आहे. तीस नाणी उडवली तरी शक्यता तेवढ्याच, १०७ कोटी. पण तीस नाण्यांचा खेळ संगणकावर करायला कोणी १६ जीबीचा तक्ता मांडून बसत नाही. एकेक नाणं उडवायचं, आलेला छापा किंवा काटा लिहायचा, पुढे जायचं. नाणी एकमेकांवर अवलंबून असली तरी, आधीच्यांचा निकाल बघून पुढचं उडवत गेलं की भागतं. मग क्युबिटांच्या बाबतीत अशीच पळवाट का नाही?

कारण अॅम्प्लिट्यूड ऋण असू शकतो. एकच क्युबिट घेऊ आणि त्यावर हॅडामार्ड गेट लावू. सुरुवातीची जोडी (1, 0) आहे. गेट लावल्यावर ती (1/√2, 1/√2) होते, म्हणजे मोजलं तर शून्य आणि एक दोन्ही निम्म्या संभाव्यतेने. तेच गेट पुन्हा लावा. पहिल्या घरात दोन्ही वाटांनी अर्धा-अर्धा येतो, बेरीज १. दुसऱ्या घरात एका वाटेने अधिक अर्धा येतो, दुसऱ्या वाटेने उणे अर्धा, बेरीज शून्य. क्युबिट पुन्हा जिथे होता तिथे, शंभर टक्के खात्रीने. आता नाण्याची युक्ती वापरून पाहा. पहिल्या गेटनंतर चिठ्ठी टाकून एकच वाट निवडली आणि दुसरी पुसून टाकली, तर दुसऱ्या गेटनंतर निम्म्या वेळा ‘एक’ असं उत्तर येईल. खऱ्या क्युबिटकडून ते कधीच येत नाही. वजाबाकी व्हायची तर वजा होणारी संख्या हजर असायला हवी. म्हणून कुठलीही वाट मध्येच सोडता येत नाही. रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ साली एमआयटीतल्या परिषदेत दिलेल्या भाषणात हाच मुद्दा ठेवला होता. साध्या संगणकाला संभाव्यता फेकता येतात, पण ऋण संभाव्यतेसारखं काही फेकता येत नाही, आणि क्वांटम जगाला नेमकं तेच लागतं.

दुसरी पळवाट म्हणजे प्रत्येक क्युबिटची वेगळी जोडी ठेवणं. तीस क्युबिट, साठ संख्या, काम फत्ते. क्युबिट एकमेकांत गुंतलेले नसतील तोवर हे खरोखर चालतं. पण दोन क्युबिटांची (1/√2, 0, 0, 1/√2) ही अवस्था घ्या. ती (a, b) आणि (c, d) अशा दोन जोड्यांच्या गुणाकाराने मिळवायची म्हटलं, तर दुसऱ्या घरासाठी ad शून्य हवं, म्हणजे a शून्य किंवा d शून्य. a शून्य धरला तर पहिलं घर, ac, शून्य होतं. d शून्य धरला तर चौथं, bd, शून्य होतं. आपल्याला दोन्ही भरलेली हवी आहेत. ही अवस्था सुटी करताच येत नाही. सर्किटमध्ये दोन क्युबिटांची गेटं वाढत गेली की अशा गाठी वाढतात, आणि शेवटी पूर्ण रांग ठेवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

रांग ठेवली, पण गेट कसं लावायचं? पाठ्यपुस्तकात `np.kron` वापरून सगळ्या क्युबिटांसाठी मिळून एक भला मोठा चौरस मॅट्रिक्स बनवलेला असतो. समजून घ्यायला ते छान, वापरायला भयंकर. मॅट्रिक्सच्या ओळीही दुप्पट होतात आणि स्तंभही, म्हणजे प्रत्येक क्युबिटमागे मेमरी चौपट. चौदा क्युबिटना ४ जीबी, पंधराला १६. नवशिक्याचा लॅपटॉप पंधरालाच आडवा होतो तो यामुळे, आणि त्या मॅट्रिक्समध्ये बहुतेक सगळी शून्यंच भरलेली असतात.

त्याची काही गरज नाही. एका क्युबिटचं गेट घरांच्या जोड्यांवर काम करतं. ज्यांच्या पत्त्यात फक्त तेवढा एक अंक वेगळा आहे, अशी दोन घरं घ्यायची आणि दोन बाय दोनच्या छोट्या मॅट्रिक्सने गुणायची. `reshape` ने रांगेकडे नुसतं वेगळ्या नजरेने बघितलं की या जोड्या आपोआप समोरासमोर येतात.

```python
def gate(psi, U, k):
    v = psi.reshape(-1, 2, 2**k)
    a = v[:, 0, :].copy()
    b = v[:, 1, :]
    v[:, 0, :] = U[0,0]*a + U[0,1]*b
    v[:, 1, :] = U[1,0]*a + U[1,1]*b
```

k म्हणजे उजवीकडून मोजलेला क्युबिट, शून्यापासून. `v` ही नवी प्रत नाही, `psi` चीच मांडणी आहे. त्यामुळे `v` मध्ये लिहिलेलं थेट `psi` मध्ये उतरतं. `a` ची प्रत मात्र हवीच. तिच्याशिवाय शेवटची ओळ जुन्या संख्येऐवजी नुकतीच बदललेली संख्या उचलेल, आणि संगणक चकार शब्द न काढता चुकीचं उत्तर देईल. ते पकडायचा सोपा उपाय `np.vdot(psi, psi)`. संभाव्यतांची बेरीज कायम १ राहायला हवी, ती हलली की कुठेतरी घोळ आहे. हीच तपासणी `np.abs(psi)**2` ची बेरीज घेऊन करायला जाल, तर निव्वळ तपासण्यासाठी मोठे अॅरे तयार होतील.

कागदावरचा हिशेब आणि लॅपटॉपचं वागणं यांतली तफावत अशा तात्पुरत्या अॅरेंमधून येते. वरच्या फंक्शनमध्ये `a` ही अर्धी रांग आहे. `U[0,0]*a` आणि `U[0,1]*b` यांचेही बेरीज होण्याआधी अर्ध्या-अर्ध्या रांगेएवढे दोन अॅरे बनतात. म्हणजे ऐन गर्दीच्या क्षणी मूळ रांगेच्या अडीचपट मेमरी व्यापलेली असते. अठ्ठाविसाला ४ जीबीची रांग १० जीबीवर जाते, ते १६ जीबीत निभावतं. एकोणतिसाला ८ च्या २० होतात, आणि तिथेच खेळ संपतो. मोठा अॅरे तुकड्यातुकड्याने हाताळला तर हे तात्पुरते अॅरे चिमुकले राहतात आणि एकोणतिसावा क्युबिट पदरात पडतो. कोड थोडा किचकट होतो, एवढंच.

खेळ संपला हेही नेहमी सरळ कळत नाही. नशीब चांगलं असेल तर नम्पाय स्वच्छ सांगतो:

```
Unable to allocate 16.0 GiB for an array with shape (1073741824,) and data type complex128
```

पण लिनक्सवर बऱ्याचदा तीस क्युबिटची `np.zeros` ची ओळ बिनबोभाट पार पडते. ऑपरेटिंग सिस्टिमने जागा देण्याचं फक्त कबूल केलेलं असतं. प्रत्यक्ष मेमरी जाते ती त्या घरांत काही लिहायला गेल्यावर. पहिलंच गेट लागतं, एकेक पान खरोखर मागितलं जातं, आणि मग एक तर लॅपटॉप डिस्कवर ये-जा करत गोगलगायीच्या गतीने चालतो किंवा टर्मिनलवर `Killed` एवढा एकच शब्द उमटतो. तेव्हा अॅरे तयार झाला म्हणजे तो मावला, असं मानू नये.

`complex64` वापरून अचूकता कमी केली तर प्रत्येक संख्येला ८ बाइट पुरतात. मेमरी निम्मी झाली! त्या बदल्यात काय मिळालं? एक क्युबिट. रॅम दुप्पट करून घेतली, खिसा चांगलाच हलका झाला, तरी एकच क्युबिट.

मोठ्या यंत्रांचीही गत वेगळी नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या बर्कलीच्या कोरी या सुपरकॉम्प्युटरवर ८१९२ नोड जुंपून ४५ क्युबिटची रांग चालवली गेली. ती अर्ध्या पेटाबाइटची होती. लॅपटॉपच्या पुढे जेमतेम सोळा-सतरा क्युबिट. २०१९ मध्ये गूगलने आपल्या सिकमोर चिपवर ५३ क्युबिटचा प्रयोग २०० सेकंदांत केला आणि तेच काम समिट या सुपरकॉम्प्युटरला १०,००० वर्षं लागेल असा दावा केला. आयबीएमच्या संशोधकांनी तो खोडला: रॅम अपुरी असली तरी समिटकडे २५० पेटाबाइट डिस्क आहे, रांग तिच्यावर ठेवली तर अडीच दिवसांत काम होईल. हे प्रत्यक्षात करून दाखवलेलं नव्हतं, पण मांडणी चोख होती, आणि तिची मर्यादाही उघड होती. ५३ क्युबिटना `complex128` मध्ये १२८ पेटाबाइट लागतात. पंचावन्नाला ५१२, म्हणजे ती डिस्कही पुरायची नाही.

त्यानंतरच्या संशोधकांनी रांग मांडण्याचा नादच सोडला. २०२१ मध्ये चीनमधल्या एका गटाने सर्किटकडे छोट्या-छोट्या टेन्सरांचं जाळं म्हणून पाहिलं, ते तुकड्यांत आकुंचित करत नेलं, आणि सिकमोरचंच काम ५१२ जीपीयूंवर सुमारे १५ तासांत उरकलं. १२८ पेटाबाइट कुठेच साठवावे लागले नाहीत. अर्थात मेमरीत वाचलं ते वेळेत मोजावं लागतं: सर्किट जितकं खोल आणि जितकं गुंतलेलं, तितकी हिशेबाची आवर्तनं वाढत जातात. लॅपटॉपवर बावीस-पंचवीस क्युबिटांशी खेळणाऱ्याला या जाळ्यांच्या वाटेला जायचं कारण नाही. तेवढ्यासाठी `reshape` आणि एक `copy` पुरे.