नगामागे पंधरा रुपये

भोसरीतल्या एका ओळखीच्या कारखानदाराने परवा कराराचा मसुदा वाचायला दिला. उत्पादनखर्च कमी करणारी एक पेटंट घेतलेली पद्धत त्याला परदेशी कंपनीकडून हवी आहे. एकरकमी पैसे मोजायची त्याची तयारी होती. उत्तर आलं : एकरकमी नको, नगामागे रॉयल्टी द्या. तो चकित झाला. मला नवल वाटलं नाही, चीड मात्र आली. त्या कंपनीने आता इथेच स्वतःचा कारखाना काढलाय.

परदेशी तंत्राच्या अशा करारांपुरतं सत्तर-ऐंशीच्या दशकांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. करार झाला की फाईल दिल्लीला जायची आणि आपण वाट बघायची. १९९१च्या औद्योगिक धोरणाने मर्यादा आखून दिल्या. एकरकमी रक्कम एक कोटीपर्यंत, रॉयल्टी देशातल्या विक्रीवर ५ टक्के आणि निर्यातीवर ८ टक्के. त्याच्या आत असाल तर मंजुरी आपोआप.

मी तेव्हा कॉस्टिंगला होतो. रॉयल्टी बिलाच्या रकमेवर नसायची. एक्स-फॅक्टरी किमतीतून एक्साइज वगळायची, बाहेरून घेतलेले स्टँडर्ड सुटे भाग आणि आयात भागांचा खर्च वजा करायचा, उरेल त्यावर टक्के लावायचे. मग बेअरिंग ‘स्टँडर्ड’ की खास बनवून घेतलेलं, यावर आठवडेच्या आठवडे खल चाले. आमचे साहेब मात्र रॉयल्टीवर खूश असत. ‘विकलं तर द्यायचं, नाही विकलं तर नाही,’ हे त्यांचं पालुपद. मंदीत ते खरंही होतं. धंदा चालेल की नाही याची खात्री नसली की एकरकमी फीचा सगळा धोका घेणाऱ्याच्या माथी बसतो.

पण देणाऱ्याला काय परवडतं? मॉर्टन कामियन आणि याइर ताउमन यांनी १९८६ साली हा हिशेब मांडला होता. माझ्या आकड्यांत तो असा. एका भागाचे दोनच उत्पादक. दोघांचा खर्च नगाला ४० रुपये. दोघे मिळून वर्षाला ४० लाख नग काढतात, भाव ६० रुपये, नफा प्रत्येकी ४ कोटी. माल एक लाखाने वाढला की भाव रुपयाने उतरतो. नव्या पद्धतीने खर्च २५ वर येतो.

पेटंटवाला बाहेरचा असेल, स्वतः माल काढत नसेल, तर नगामागे जास्तीत जास्त १५ रुपये घेईल. पण मग उत्पादकाचा खर्च पुन्हा ४०च. माल तेवढाच, भावही तोच, पेटंटवाल्याला ६ कोटी. फी घेतली तर खर्च खरोखर २५ होतो, प्रत्येकाचा नफा ६.२५ कोटींवर जातो. परवाना नाकारणारा एकटा मागे पडून २.२५ कोटींवर येतो. त्या धास्तीपोटी प्रत्येक जण ४ कोटी मोजतो. एकूण ८ कोटी. बाहेरच्याला फी बरी.

आता पेटंटवाला त्या दोघांपैकीच एक आहे असं धरा. पद्धत स्वतःजवळच ठेवली तर त्याला ९ कोटी सुटतात. फी घेऊन दिली तर १०.२५. आणि १५ रुपये रॉयल्टी लावली तर ११.२५, कारण प्रतिस्पर्ध्याचा खर्च चढाच राहतो आणि वर त्याच्या १५ लाख नगांमागे पैसेही येतात. घेणाऱ्याच्या हाती पद्धत न मिळता उरले असते तेवढेच २.२५ कोटी. एकरकमी नको म्हणणाऱ्याचं गणित हे आहे. अर्थात नग मोजता आले पाहिजेत, म्हणून मसुद्यात हिशेबतपासणीची कलमं चार पानं व्यापतात.

नव्वदच्या दशकात आम्हाला करार स्वस्तात मिळाले, ते आमच्या वाटाघाटींमुळे असं साहेब निवृत्तीपर्यंत सांगत. खरं कारण, देणारे बाहेरचे होते. इथे त्यांचा माल विकला जात नव्हता, तेव्हा मर्यादेतलं जे हाती येईल ती वरकमाईच. पुढे तेच बाजारात उतरले आणि नवी ड्रॉइंग येईनाशी झाली. जुन्या मॉडेलची मात्र हवी तेवढी. मर्यादेचे गोडवे गाणाऱ्यांनी हा हिशेब कधी केला नाही. ५ टक्के म्हणजे वरच्या उदाहरणात नगामागे जेमतेम तीन रुपये. त्या दराने परवाना दिला तर पेटंटवाल्याचे ९ कोटींचे साडेसात होतात. एक कोटीची फी घेतली तर सव्वासात. तो देईलच कशाला?

डिसेंबर २००९मध्ये सरकारने या मर्यादा काढून टाकल्या. तंत्र पुन्हा मिळू लागलं, पण नगामागे. भोसरीच्या मसुद्यातला दर पाहिला. पद्धतीने जेवढा खर्च वाचतो, जवळजवळ तेवढाच आहे.