ऐकणाऱ्याचा चेहरा

'द गॉडफादर'मधला (1972) रेस्टॉरंटचा प्रसंग अनेकांच्या लक्षात असेल. लपवून ठेवलेलं पिस्तूल घेऊन मायकेल स्वच्छतागृहातून परततो आणि टेबलाशी बसतो. समोर सोलोझो बोलतोच आहे, तेही इटालियनमध्ये, आणि पडद्यावर सबटायटल नाही. कॅमेरा मात्र मायकेलकडे सरकत जातो. त्याची नजर ठरत नाही, आणि कुठेच न दिसणाऱ्या रेल्वेचा खडखडाट वाढत जातो. सोलोझो काय म्हणतोय याच्याशी आता कुणालाच देणंघेणं नाही. मायकेल कधी उठतो, एवढंच पाहायचं उरतं.

जो बोलतो तो दिसला पाहिजे, हा नवख्या संकलकाचा पहिला नियम असतो. त्यातून प्रसंगाचा टेबल-टेनिसचा सामना होतो.

समजा, मुलगा म्हणतो, "आई, मी घर विकलं. मागच्याच महिन्यात." पहिलं वाक्य त्याच्या चेहऱ्यावर ठेवायचं आणि 'विकलं' संपताच ताट पुसणाऱ्या आईवर कट करायचा. तिचा हात थांबतो. दुसरं वाक्य तिच्याच चेहऱ्यावर ऐकू येतं.

खरा फायदा इथे आहे. शूटिंगच्या वेळी नटाने दोन वाक्यांमध्ये जेमतेम अर्धा सेकंद, म्हणजे बारा फ्रेम, सोडली होती. त्याचे ओठ आता दिसत नाहीत, त्यामुळे संकलक ती जागा दीड सेकंदाची करू शकतो. नट अडखळला असेल तर तेवढा तुकडा उडवता येतो, किंवा दुसऱ्या टेकमधलं बरं वाक्य बसवता येतं. संवादाचा वेग सेटवर ठरलेला असतो, तो असा टेबलावर बदलतो. फक्त वाढवलेल्या जागेत 'रूम टोन', म्हणजे त्याच खोलीतली रेकॉर्ड केलेली शांतता, भरावी लागते. नाहीतर आवाजाला भोक पडल्यासारखं वाटतं.

कट कुठे करायचा? वॉल्टर मर्च 'द कॉन्व्हर्सेशन' (1974) संकलित करत होते, तेव्हा त्यांना आढळलं की त्यांनी निवडलेला कट बऱ्याचदा जीन हॅकमनच्या पापणीच्या हालचालीजवळच पडतो. विचार पुरा झाला की डोळे मिटतात, असा त्यांचा अंदाज. शास्त्र म्हणून नव्हे, पण खूण म्हणून तो कामाचा आहे.

फसतं ते बहुधा कच्च्या मालामुळे. ऐकणारा नट खरोखर ऐकत नसेल, नुसता आपल्या वाक्याची वाट पाहत असेल, तर पाळी येण्याआधीच त्याचे ओठ किंचित उघडतात. आवाज बंद करून शॉट पाहिला की हे लगेच दिसतं. शिवाय वेगळ्या टेकमधली आई घ्यावी, तर ताट कधी डाव्या हातात, कधी उजव्या.

आणि बोलणारा खोटं बोलत असेल, तर त्याच्यावरून हलूच नये. तिथे आईचा चेहरा नंतर दाखवला तरी चालतो.