ड्रमच्या मागे साचणारा वास

फ्रंट लोड वॉशिंग मशीनला कुबट वास यायला लागला की पहिला संशय दाराच्या रबरावर जातो. रबराची घडी उलगडून पाहिली तर आत राखाडी बुळबुळीत थर, केस, सुताचे गोळे, कधी एखादं नाणं सापडतं. ते पुसून काढलं की चार दिवस बरे जातात आणि वास परत येतो. याचं कारण, रबरावर दिसतो तो त्या थराचा नुसता काठ असतो. बाकीचा थर स्टीलच्या ड्रमच्या पाठीमागे, हात पोहोचत नाही अशा जागी साचलेला असतो.

ड्रम एका प्लॅस्टिकच्या टाकीत फिरतो. ही बाहेरची टाकी आपल्याला कधी दिसत नाही, पण पाणी भरतं ते तिच्यात, आणि ड्रमच्या भोकांतून ते कपड्यांपर्यंत येतं. फ्रंट लोड मशीन पाणी वाचवतं, म्हणजेच ही टाकी तळाशीच थोडी भरते. फेस मात्र वरपर्यंत उडतो. टाकीच्या वरच्या भागावर आणि ड्रमला मागून धरणाऱ्या तीन हातांच्या धातूच्या आधारावर तो बसतो, आणि तिथून तो धुऊन काढायला पुरेसं पाणी पोहोचत नाही. या फेसात अंगाचं तेल, सुताचा बारीक भुगा, न विरघळलेली पावडर आणि फॅब्रिक कंडिशनरचा स्निग्ध अंश असतो. धुणं झाल्यावर दार घट्ट लावलं की आतला ओलावा कोंडला जातो आणि या थरावर जिवाणू आणि बुरशी पोसली जाते.

ओल्या कपड्यांना येणाऱ्या वासामागे मोराक्सेला ओस्लोएन्सिस हा जिवाणू असतो, असं जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं. अंगाच्या तेलासारख्या पदार्थांपासून तो एक उग्र वासाचं आम्ल तयार करतो. धुतलेला टॉवेल कोरडा असताना ठीक वाटतो आणि अंग पुसताच पुन्हा कुबट येतो, हा अनुभव याच प्रकारातला. तेव्हा वास दडपायला जास्त कंडिशनर ओतणं म्हणजे या थरात भर घालणं आहे.

आपल्याकडे हा त्रास वाढतो तो थंड पाण्याच्या सवयीमुळे. चौघांचं एक घर घ्या. ७ किलोचं मशीन, ड्राय बाल्कनीत ठेवलेलं. रोजचे कपडे थंड पाण्यात, १५ किंवा ३० मिनिटांच्या क्विक वॉशवर. पावडर अंदाजाने, डाव भरून. शिवाय दर वेळी कंडिशनर, आणि धुणं झाल्यावर धूळ जाऊ नये म्हणून दार बंद. यातली एकेक गोष्ट एकटी फारसं बिघडवत नाही, पण थंड पाण्यात तेल सुटत नाही, छोट्या प्रोग्रॅममध्ये जास्तीचा साबण नीट खंगाळला जात नाही आणि बंद दारामुळे काहीच वाळत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत अशा मशीनला थोड्याच आठवड्यांत वास येऊ लागतो.

आत साबण साचला आहे का, हे घरच्या घरी कळतं. ड्रम रिकामा ठेवा, पावडर अजिबात घालू नका आणि कॉटनचा ६० अंशांचा प्रोग्रॅम लावा. पाणी गरम झाल्यावर काचेतून पाहा. काहीही न घालता फेस दिसला, तर तो जुन्या थरातून सुटलेला साबण आहे. वरच्या घरात पहिल्या खेपेला काचेवर बोटभर फेस चढला तर नवल नाही. अशा वेळी पावडरीशिवाय तोच प्रोग्रॅम फेस येणं थांबेपर्यंत पुन्हा लावायचा.

त्यानंतर खरी सफाई. ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पावडर, साधारण १०० ग्रॅम थेट ड्रममध्ये टाकून ६० अंशांवर लांब प्रोग्रॅम चालवावा. टब क्लीनची सोय असेल तर तीच वापरावी. गरम पाण्यात ही पावडर हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते आणि तेलकट थर सुटू लागतो. बोअरचं जड पाणी असेल तर हीटरवर आणि टाकीत क्षारही बसतात, आणि त्या खरखरीत पृष्ठभागावर मळ अधिक घट्ट धरतो. त्यासाठी दोन-तीन महिन्यांतून एकदा १०० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून ६० अंशांची रिकामी फेरी काढावी. दोन्ही एकाच वेळी घालू नयेत, कारण आम्ल आणि अल्कली एकमेकांचा जोर मारतात. क्लोरीनचं ब्लीच तर लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगरच्या जवळही नेऊ नये, त्यातून विषारी वायू निघतो.

पुढे वास येऊ नये म्हणून रोजचं काम फार नाही. कपडे संपताच बाहेर काढावेत, रबराच्या खालच्या घडीतलं पाणी फडक्याने टिपावं. त्या घडीच्या तळाला बारीक भोकं असतात. ती सुताने बुजली की पाणी तिथेच साचून राहतं, म्हणून टूथब्रशने मोकळी ठेवावीत. दार चार बोटं उघडं आणि पावडरीचा ड्रॉवर अर्धा बाहेर ठेवावा. घरात लहान मूल असेल तर दार मोकळं सोडू नये. मूल आत शिरू शकतं. मळके कपडे ड्रममध्ये साठवण्याची सवय मात्र पूर्ण सोडावी.

आठवड्याला एकदा टॉवेल आणि चादरी ६० अंशांवर, साध्या पावडरीत धुवाव्यात. माझ्या मते सगळ्या उपायांत हाच सर्वांत मोलाचा आहे, कारण कपडे आणि टाकी दोन्ही एकाच विजेत गरम होतात. हाताने धुण्याची जास्त फेसाची पावडर या मशीनमध्ये वापरू नये. फ्रंट लोडची पावडरही पाकिटावरच्या मापाने घ्यावी आणि धुताना अर्ध्या काचेच्या वर फेस चढत असेल तर पुढच्या वेळी कमी करावी.

महिन्याला ड्रॉवर पूर्ण ओढून नळाखाली घासावा आणि खालच्या कोपऱ्यातल्या झाकणामागचा ड्रेन फिल्टर साफ करावा. आधी स्विच बंद, मशीन थंड. खाली पसरट ताट ठेवून तिथली छोटी नळी असेल तर तिने पाणी काढावं, मग फिल्टर हळूहळू फिरवावा. पहिल्यांदा उघडताना निघणारा काळपट, नासका गाळ पाहिला की वासाचा मोठा हिस्सा इथलाच होता हे पटतं.

एवढं करूनही वास राहिला, तर आधी तो कोणता हे ओळखावं. मशीन वापरात नसतानाही गटाराचा वास येत असेल, तर दोष मशीनचा नसून सांडपाण्याच्या वाटेचा असतो. नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकलं की गटारातली हवा ड्रेन पाइपवाटे वर चढते. ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून पाहावं, आणि पाइपचं टोक ट्रॅपच्या पाण्यात बुडालेलं नसावं. ट्रॅप ठीक आहे, फेस संपला आहे, गरम फेऱ्या दोन-तीन झाल्या आहेत आणि तरीही कुबटपणा कायम आहे, तर टाकीचा थर पाण्याने सुटण्यापलीकडे गेलेला असतो. मग तंत्रज्ञाला बोलावून टाकी उघडायला लावावी आणि ड्रमच्या मागचा आधार गंजला आहे का, तेही त्याच वेळी पाहून घ्यावं.