न संपणाऱ्या तीनांचा हिशेब

आठ आकडे दाखवणाऱ्या साध्या कॅल्क्युलेटरवर १ ला ३ ने भागलं की पडद्यावर ०.३३३३३३३ येतं. त्यालाच पुन्हा ३ ने गुणलं की बरेचसे कॅल्क्युलेटर १ दाखवत नाहीत, ०.९९९९९९९ दाखवतात. यंत्र बिघडलेलं नसतं. त्याच्यापाशी जेवढ्या अंकांना जागा आहे तेवढेच तीन त्याने ठेवले आणि पुढचे सोडून दिले. खरा एक तृतीयांश मात्र कुठेच थांबत नाही. दशांश चिन्हापुढे तीनानंतर तीन येतच राहतात. अशा संख्येला आवर्ती दशांश म्हणतात, आणि वहीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या अंकांवर टिंब किंवा आडवी रेघ देऊन ती लिहितात.

आता उलटा प्रश्न. समोर फक्त ०.३३३… आहे आणि ती कुठल्या भागाकारातून आली हे माहीत नाही. तिचा अंश-छेदाचा अपूर्णांक कसा शोधायचा? नववीच्या गणितात यासाठी एक रीत शिकवतात. अनेकांना ती पाठ असते, पण ती का चालते हे लक्षात राहत नाही.

संख्येला क्ष म्हणू. क्ष = ०.३३३… तिला १० ने गुणलं की दशांश चिन्ह एक घर उजवीकडे सरकतं: १० क्ष = ३.३३३… या दोन ओळी एकाखाली एक लिहून पाहिल्या, तर चिन्हाच्या उजवीकडचा भाग दोन्हींत अगदी सारखा दिसतो. खालच्या ओळीतून वरची वजा केली की तो संपूर्ण जातो. डावीकडे ९ क्ष उरतात, उजवीकडे नुसते ३. म्हणून क्ष = ३/९, म्हणजेच १/३.

सगळी करामत त्या वजाबाकीत आहे. न संपणारं शेपूट मोजायचं नाही, तर तसंच दुसरं शेपूट तयार करून दोघांचा एकमेकांत फडशा पाडायचा. मात्र शेपूट खरोखर न संपणारंच हवं. कोणी ०.३३३ एवढ्यावर थांबलं, तर १० पट होते ३.३३० आणि वजाबाकी येते २.९९७, ३ येत नाही. कारण ०.३३३ ही वेगळीच संख्या आहे. तिचा अपूर्णांक ३३३/१०००, आणि तो एक तृतीयांशापेक्षा जरासा लहान आहे. शेवटची तीन टिंबं विसरली की उत्तरही बदलतं.

किती पट करायची, हे पुन्हा येणाऱ्या गटात किती अंक आहेत त्यावर ठरतं. ०.२७२७२७… मध्ये २७ ही जोडी परत परत येते, म्हणून १०० ने गुणायचं. १०० क्ष = २७.२७२७… यातून क्ष वजा केला की ९९ क्ष = २७, आणि ९ ने छाटल्यावर क्ष = ३/११. इथे सवयीने १० नेच गुणलं, तर २.७२७२… मधून ०.२७२७… वजा करावे लागतात आणि हाती २.४५४५… येतं. शेपूट तसंच! वजाबाकीनंतरही दशांशांची रांग न संपणारी राहिली, तर गुणक चुकला हे लगेच ओळखावं.

खरी गफलत होते ती सगळेच अंक आवर्ती नसतात तेव्हा. कामाच्या तासांचा हिशेब दशांशात ठेवणाऱ्यांना ही संख्या हमखास भेटते: ३५ मिनिटं म्हणजे ०.५८३३३… तास. यात ५ आणि ८ एकदाच येतात, आवर्तन फक्त तीनाचं. घाईत अनेकजण ५८३ खाली ९९९ लिहून मोकळे होतात. पण ५८३/९९९ म्हणजे ०.५८३५८३…, जिथे तिन्ही अंक फिरून येतात. ती संख्या दुसरीच.

योग्य वाट अशी. आधी दशांश चिन्ह आवर्तनाच्या तोंडाशी आणायचं: १०० क्ष = ५८.३३३… मग ते आवर्तनाचा एक गट ओलांडून पुढे न्यायचं: १००० क्ष = ५८३.३३३… दोन्हींची शेपटं जुळली. वजाबाकी केली की ९०० क्ष = ५२५. अंश आणि छेद ७५ ने भागले की क्ष = ७/१२. पडताळा घरातल्या घड्याळावरच आहे: तासाचा बारावा भाग ५ मिनिटं, तसे सात म्हणजे ३५. घड्याळ नसेल तिथे ७ ला १२ ने हाताने भागून पाहावं. हा पडताळा टाळू नये, कारण ५८३/९९९ आणि ७/१२ यांतला फरक इतका बारीक आहे की नुसत्या नजरेला तो कळत नाही.

हीच रीत ०.९९९… ला लावली तर? १० क्ष = ९.९९९…, वजाबाकी करून ९ क्ष = ९, म्हणून क्ष = १. वर्गात यावर वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. ‘थोडं तरी कमी असेलच’ असं वाटतं. पण किती कमी? ०.०००१ ने म्हणावं तर पाचवा नऊ आला की अंतर त्याहून लहान होतं. कुठलाही फरक सांगा, तो खोटा ठरवायला पुढे नऊ तयारच असतात. दोन संख्यांमध्ये काहीच अंतर उरत नसेल, तर त्या दोन नव्हेत, एकच संख्या दोन तऱ्हांनी लिहिलेली आहे. कॅल्क्युलेटरवरचे ०.९९९९९९९ मात्र १ नव्हेत, कारण तिथे नऊ सातच आहेत.

अंक पुन्हा पुन्हा का येतात, याचं उत्तर भागाकाराच्या बाकीत आहे. १ ला ७ ने भागताना बाकी ओळीने ३, २, ६, ४, ५, १ अशी येते. ७ ने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या शक्य आहेत, आणि सहाही येऊन गेल्या. १ परत आला की पुढचं सगळं पहिल्यापासून सुरू. म्हणून १/७ = ०.१४२८५७१४२८५७…, आणि उलट्या रीतीने १४२८५७/९९९९९९ छाटला की १/७ परत मिळतो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा आवर्ती चक्रांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांमध्ये १४२८५७ सुद्धा आहे: तिचा वर्ग २०४०८१२२४४९, आणि त्याचे २०४०८ व १२२४४९ असे तुकडे करून बेरीज केली की पुन्हा १४२८५७.

या रीतीला एक अट आहे: आवर्तन कुठून कुठपर्यंत आहे, हे नक्की माहीत हवं. पडद्यावर ०.०५८८२३५ दिसलं तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही. ही १/१७ ची सुरुवात आहे आणि तिचा गट तब्बल १६ अंकांचा आहे: ०५८८२३५२९४११७६४७. तो गट पुरता हाती आला, की त्याच्याखाली सोळा नऊ लिहायचे आणि १७ ने गुणून पाहायचं. ५८८२३५२९४११७६४७ गुणिले १७ बरोबर सोळा नऊ येतात, एकही कमी-जास्त नाही.