प्रेसला ‘किती पडतील?’ विचारण्याआधी

मागच्या वर्षी अंकासाठी आम्ही तीन प्रेसना एका ओळीचा ईमेल टाकला : “कॉलेजचं मॅगझीन छापायचंय, कोटेशन पाठवा.” तीन आकडे आले, आम्ही सर्वांत कमी आकडा उचलला. अंक हातात आला तर प्रत्येक पानावर मागचा मजकूर दिसतोय! जाब विचारायला गेलो, तर प्रेसचे काका शांतपणे म्हणाले, “कागद तुम्ही सांगितलाच नव्हता. मी ६० जीएसएम धरला.” बाकी दोघांनी ८० धरला होता. म्हणजे आम्ही वेगवेगळ्या वस्तूंचे भाव शेजारी ठेवून बसलो होतो. यंदा तिघांनाही हाच ईमेल गेला :

विषय : वार्षिक अंक छपाई – कोटेशन हवे

महोदय,
आमच्या वार्षिक अंकाच्या ऑफसेट छपाईसाठी कोटेशन द्यावे.
प्रती : १००० आणि १२००, दोन्हींचे दर वेगळे.
आकार : ए-४, उभा. आतली पाने ९६, कव्हरची ४ वेगळी.
कागद : आत ८० जीएसएम मॅपलिथो, एकरंगी, कव्हर २५० जीएसएम आर्ट कार्ड, बाहेरून चार रंगांत, आतून कोरे.
फिनिश : कव्हरला बाहेरून मॅट लॅमिनेशन, परफेक्ट बाइंडिंग.
प्रूफ : सर्व पानांची पीडीएफ, कव्हरचे छापील रंगीत प्रूफ.
मजकूर : तयार पीडीएफ २० जानेवारीला देऊ.
डिलिव्हरी : १२ फेब्रुवारीपर्यंत, कॉलेजमध्ये पोच.
जीएसटी व वाहतूक स्वतंत्र दाखवावी.

आता यातल्या खाचाखोचा. प्रतींचे दोन दर का? ऑफसेटमध्ये प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च १००० प्रतींना तेवढाच आणि १२०० ना तेवढाच. त्यामुळे वरच्या २०० प्रती बऱ्याच स्वस्तात पडतात. आकडा समोर असला की निर्णय सोपा.

पानं ९६ च का? मोठ्या शीटच्या दोन्ही बाजू छापून, घड्या घालून १६ पानांचा एक फॉर्म होतो. ९६ म्हणजे बरोबर सहा फॉर्म. कोणाची तरी कविता राहिली म्हणून ९८ केलीत, तर त्या दोन पानांसाठी वेगळी प्लेट, वेगळी छपाई. त्यापेक्षा संपादकीय छोटं करा!

लॅमिनेशन लिहायला विसरलात, तर कव्हरच्या घडीवर शाई तडकते आणि कणा पांढरा दिसायला लागतो.

प्रूफच्या बाबतीत एक लक्षात ठेवा : स्क्रीनवरचा रंग कागदावर तसाच उतरत नाही, म्हणून कव्हरचं प्रूफ छापीलच मागायचं. आणि ‘ओके’ लिहून सही केलीत की त्यापुढची चूक तुमची. विभागप्रमुखांचं आडनाव सहीआधीच दोघांनी वाचा.

शेवटचं म्हणजे तारीख. आमचं गॅदरिंग १५ ला, पण ईमेलमध्ये १२ लिहिली. प्रेसवाले दिवस मोजतात ते प्रूफ मंजूर झाल्यापासून. प्रूफ तुमच्याच हॉस्टेलच्या खोलीत चार दिवस पडून राहिलं, तर गठ्ठेही चार दिवस उशिरा येणार.

यंदाही आम्ही सर्वांत स्वस्त कोटेशनच निवडलं. पण या वेळी तिन्ही आकडे एकाच अंकाचे होते.