मनगटावरचे घड्याळ कॅलरी कशा मोजते?

मनगटी घड्याळ कॅलरी मोजत नाही. ते नाडी मोजते आणि तिच्यावरून कॅलरींचा अंदाज बांधते. घड्याळाच्या तळाशी असलेला हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो, रक्त तो शोषून घेते आणि उरलेला परत येतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक मनगटातले रक्त वाढते, त्यामुळे परत येणारा प्रकाश किंचित घटतो. या चढउतारावरून मिनिटाला किती ठोके पडले ते कळते.

ठोक्यांवरून कॅलरीपर्यंत जाण्याचा दुवा ऑक्सिजन आहे. अन्नातून ऊर्जा मोकळी होताना ऑक्सिजन खर्च होतो. एक लिटर ऑक्सिजनमागे साधारण पाच किलोकॅलरी मिळतात. हा ऑक्सिजन स्नायूंपर्यंत रक्त नेते. चालणे, धावणे, सायकल चालवणे अशा सलग व्यायामात ऑक्सिजनची गरज वाढते तसे ठोकेही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतात. प्रयोगशाळेत तोंडावर मुखवटा लावून श्वासातला ऑक्सिजन आणि त्याच वेळी नाडी मोजली, की दोन्हींचे नाते सूत्रात मांडता येते.

कंपन्या आपली सूत्रे सहसा उघड करत नाहीत. त्यांत हालचालीची नोंदही मिसळलेली असते. पण दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेले सूत्र सर्वांना उपलब्ध आहे. त्यात नाडी, वजन, वय आणि लिंग एवढेच घटक आहेत. पुरुषांच्या सूत्रात नाडीचा एक ठोका वाढला की मिनिटाचा खर्च सुमारे ०.१५ किलोकॅलरीने वाढतो.

चाळीस वर्षांचे, सत्तर किलो वजनाचे दोन पुरुष घेऊ. पहिल्याला व्यायामाची सवय नाही; तो ताशी पाच किलोमीटर वेगाने चालला तरी त्याची नाडी ११५ वर जाते. दुसरा लांब पल्ल्याचा मुरलेला धावपटू आहे. त्याची नाडी ताशी आठ किलोमीटर वेगाने धावताना ११५ होते. सूत्राला दोघे सारखेच दिसतात आणि अर्ध्या तासासाठी ते दोघांनाही सुमारे २८० किलोकॅलरी देते. प्रत्यक्षात त्या चालण्याला साधारण १२५ आणि त्या धावण्याला साधारण २९० किलोकॅलरी लागतात. धावपटूचा आकडा जवळपास बरोबर आला, चालणाऱ्याचा मात्र दुपटीहून जास्त फुगला.

कारण ऑक्सिजनचा पुरवठा एकट्या ठोक्यांवर ठरत नाही. एका ठोक्यात हृदय किती रक्त ढकलते आणि स्नायू त्यातला किती ऑक्सिजन काढून घेतात, हेही मोजावे लागते. नियमित सरावाने हृदयाचा प्रत्येक ठोका अधिक रक्त ढकलू लागतो, म्हणून तेवढेच काम कमी ठोक्यांत होते. घड्याळाला ठोके कळतात, बाकीच्या दोन गोष्टी ते सरासरीवरून गृहीत धरते.

याशिवाय ऑक्सिजनचा खर्च न बदलताही नाडी बदलते. भर उन्हात शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि घामाने पाणी घटते. हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. चालणाऱ्याची नाडी त्याच वेगाला १२५ झाली, तर सूत्र अर्ध्या तासात आणखी ४५ किलोकॅलरी जोडते. खर्च मात्र फारसा वाढलेला नसतो. ताप, कॉफी, मानसिक ताण यांनीही आकडा असाच फुगतो. उलट, रक्तदाबासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर औषधे नाडी वाढू देत नाहीत. त्याच धावपटूची नाडी औषधामुळे ९५ वर राहिली, तर २९० च्या खर्चाला सूत्र जेमतेम १९० म्हणेल.

कधी मूळ मोजणीच चुकते. पट्टा सैल असला किंवा हात जोरात हलत असला, तर सेन्सर पावलांच्या तालालाच ठोके समजू शकतो. शंका आली की थांबून लगेच बोटांनी नाडी पाहावी. पंधरा सेकंदांतल्या ठोक्यांना चारने गुणून पडताळा घेता येतो. छातीवरचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, म्हणून तो सहसा अधिक विश्वासार्ह असतो.

पण नाडी अचूक मिळाली म्हणून कॅलरी अचूक मिळतात असे नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये साठ स्वयंसेवकांवर सात उपकरणे तपासली. सहा उपकरणांची नाडीतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरींत मात्र सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी चुकले.

आकडा वाचताना आणखी एक भेद लक्षात ठेवावा लागतो. एकूण कॅलरींमध्ये नुसते बसून राहिले तरी खर्च होणारी ऊर्जाही धरलेली असते. सत्तर किलोच्या माणसाला ती अर्ध्या तासाला साधारण ३५ किलोकॅलरी लागते. वरच्या उदाहरणातल्या चालण्याने प्रत्यक्षात वाढलेला खर्च म्हणूनच १२५ नव्हे, तर सुमारे ९० किलोकॅलरी आहे. घड्याळाने दाखवलेल्या २८० च्या भरवशावर तेवढे जास्त खाल्ले, तर त्यातल्या सुमारे १९० किलोकॅलरी त्या चालण्याने खर्च झालेल्याच नसतात.