एका हंडीतली चारशे शितं

‘सर्वेक्षणासाठी जिल्ह्यातील ४०० कुटुंबांची रँडम पद्धतीने निवड करण्यात आली. निष्कर्षांतील संभाव्य चूक अधिक-उणे ५ टक्के आहे.’

सर्वेक्षणाचा अहवाल उघडला की पहिल्या काही पानांत ही दोन वाक्यं बहुतेक वेळा भेटतात. ‘नमुना निवड’ या मथळ्याखाली तेवढंच असतं, आणि मग सुरू होतात तक्ते. मी तक्त्यांकडे जाण्याआधी या दोन वाक्यांपाशी थांबतो. ४०० हा आकडा कुठून आला, रँडम म्हणजे नेमकं काय केलं आणि ५ टक्के कुणी मोजले, या तीन प्रश्नांची उत्तरं तिथे नसतील तर पुढचे तक्ते कितीही देखणे असले तरी ते कुणाबद्दल आहेत हे कळायला मार्ग नसतो.

हिशेबासाठी एक जिल्हा कल्पू. ८०० गावं, ग्रामीण भागात २ लाख कुटुंबं. आपल्याला एवढंच शोधायचं आहे की किती टक्के घरांत नळाला एक दिवसाआड तरी पाणी येतं.

आधी ४०० बघू. हा आकडा हवेतून आलेला नसतो, त्यामागे एक जुनं सूत्र आहे. उत्तर कुठे पडेल हे आधी माहीत नसतं, म्हणून सगळ्यांत अनिश्चित स्थिती धरायची: निम्म्या घरांत पाणी येतं, निम्म्यांत नाही. चूक ५ टक्क्यांपर्यंत चालेल, म्हणजे उत्तर ६० आलं तर खरा आकडा ५५ ते ६५ च्या दरम्यान असावा. आणि अशी शंभर सर्वेक्षणं केली तर त्यांतली पंचाण्णव तरी या मर्यादेत बसावीत. या पंचाण्णवासाठी सूत्रात १.९६ हा आकडा येतो.

१.९६ × १.९६ × ०.५ × ०.५ ÷ (०.०५ × ०.०५) = ३८४.१६

म्हणजे ३८५, आणि गोळाबेरीज ४००. या सूत्रात जिल्ह्याची लोकसंख्या कुठेच नाही, हे पाहून पुष्कळांना चुकल्यासारखं वाटतं. ‘२ लाख घरांतली ४०० म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही,’ असा आक्षेप सभेत कुणीतरी घेतोच. त्याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. शितावरून भाताची परीक्षा करताना हंडी केवढी हे आपण विचारत नाही. पाव किलोचा भात असो की लग्नाच्या पंगतीचा, भात एकसारखा शिजला असेल आणि शीत कुठूनही उचललं असेल, तर चार शितं पुरतात.

पण इथे हंडी एकच नाही. ८०० गावं म्हणजे ८०० हंड्या, आणि वर काढलेले ३८५ तेव्हाच पुरतात जेव्हा प्रत्येक शीत २ लाख घरांच्या एकाच मोठ्या यादीतून सुटं उचललेलं असतं. तसं कुणी करत नाही. तशी एकत्र यादी हाताशी नसते आणि शेकडो गावांत एकेका घरासाठी जीप फिरवणं परवडतही नाही. म्हणून आधी काही गावं निवडतात आणि मग प्रत्येक गावात काही घरं. समजा ४० गावं, प्रत्येकी १० घरं. बेरीज ४०० च होते, पण नमुना तोच राहत नाही.

कारण पाणीपुरवठा योजना गावाची असते. टाकी कोरडी पडली की गल्लीभर सगळेच नळ कोरडे. गावातल्या पहिल्या दोन-तीन घरांनी सांगितलं की उरलेल्या सात घरांकडून नवं फारसं काही कळत नाही. एका गावातली घरं एकमेकांसारखी किती, हे सांगणारा एक आकडा असतो. घरं अगदीच असंबद्ध असतील तर तो शून्य, सगळी एकसारखी असतील तर एक. घरातल्या माणसांचं वय विचारलं तर तो शून्याच्या जवळपास असतो, पाण्यासारख्या सामायिक सोयीबाबत बराच मोठा. आपल्या उदाहरणात तो ०.२ धरू. प्रत्यक्ष अहवालात मात्र हा आकडा कुठून घेतला ते लिहावंच लागतं: तशाच विषयाच्या आधीच्या सर्वेक्षणातून, की स्वतः केलेल्या छोट्या चाचणीतून.

आता हिशेब सोपा आहे. गावातल्या घरांच्या संख्येतून एक वजा करायचा, ०.२ ने गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा: ९ × ०.२ + १ = २.८. याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. त्याचा अर्थ असा, की तुमची ४०० घरं माहितीच्या दृष्टीने ४०० भागिले २.८, म्हणजे जेमतेम १४३ सुट्या घरांच्या तोलाची आहेत. १४३ घरांवरून चूक मोजली तर ती येते ८.२ टक्के. अहवालात छापलेले ५ टक्के इथे संपतात.

हेच ४०० वेगळ्या पद्धतीने वाटून पाहा. २० गावांत प्रत्येकी २० घरं घेतली तर डिझाइन इफेक्ट ४.८ होतो आणि चूक १०.७ टक्क्यांवर जाते. ८० गावांत प्रत्येकी ५ घरं घेतली तर तो १.८ वर उतरतो आणि चूक ६.६ टक्के उरते. मुलाखती तेवढ्याच, प्रश्नावली तीच, फरक फक्त किती हंड्यांची झाकणं उघडली याचा. अर्थात ८० गावं म्हणजे दुप्पट प्रवास, दुप्पट सरपंचांना भेटणं, प्रत्येक ठिकाणी पुन्हा घरांची यादी. म्हणून नमुना आराखड्यात मला खरी बाजू मांडलेली वाचायची असते ती इथे: ‘८० गावांचा खर्च झेपत नव्हता, म्हणून ४० घेतली. त्यामुळे अपेक्षित चूक सुमारे ८ टक्के आहे आणि या सर्वेक्षणाच्या उद्देशासाठी ती चालेल, कारण...’ या ‘कारण’च्या पुढे काहीतरी हवं. जिल्ह्यात निम्म्याहून बरीच कमी घरं पाणी मिळवतात की बरीच जास्त, एवढंच ठरवायचं असेल तर ८ टक्के चालतात. गेल्या वर्षीपेक्षा ३ टक्क्यांची सुधारणा झाली असं म्हणायचं असेल तर चालत नाहीत.

आणि तालुकानिहाय तक्ता? तो मोह फार मोठा असतो, कारण प्रत्येक आमदाराला आपला तालुका बघायचा असतो. आठ तालुके धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ५ गावं आणि ५० घरं येतात. त्यांवरची चूक २३ टक्क्यांच्या आसपास जाते. अमुक तालुक्यात ५५ टक्के घरांना पाणी मिळतं, असं छापायचं आणि खरा आकडा ३२ ते ७८ मध्ये कुठेही असू शकतो! तालुक्यांची तुलना हवी असेल तर ती आधी ठरवून प्रत्येक तालुक्यासाठी पुरेसा नमुना घ्यावा लागतो. नंतर आठवलेल्या तक्त्याला नमुना पुरत नाही.

आता ‘रँडम’. बोलीत या शब्दाचा अर्थ ‘सहज, कुठलंही’ असा झाला आहे. एसटीच्या थांब्यावर उतरून समोर दिसतील ती १० घरं गाठायची, याला बरेच जण रँडम म्हणतात. त्या नमुन्यात पाराजवळची, पक्क्या रस्त्यावरची, टाकीला लागून असलेली घरं येतात. पाडा, वस्ती, शेतातली झाप राहून जाते, आणि नळाचा शेवटचा थेंब नेमका तिथेच पोचत नसतो. संख्याशास्त्रात रँडमचा अर्थ नेमका उलट आहे. निवड माणसाच्या हातून काढून घ्यायची, आणि प्रत्येक घराची निवड होण्याची शक्यता किती, हे कागदावर मांडता आलं पाहिजे.

ते असं करता येतं. ८०० गावांची यादी कुटुंबसंख्येसह घ्यायची आणि संख्या वरून खाली मिळवत जायचं, म्हणजे शेवटी २ लाख येतील. ४० गावं हवीत, म्हणून २ लाख भागिले ४० म्हणजे ५,००० ची उडी. १ ते ५,००० मधली एक संख्या चिठ्ठीने काढायची. समजा २,३१७ आली. मग २,३१७, ७,३१७, १२,३१७ असं पुढे जायचं. प्रत्येक संख्या ज्या गावाच्या बेरजेत पडेल ते गाव नमुन्यात. या रीतीने ५०० घरांचं गाव निवडलं जाण्याची शक्यता २५० घरांच्या गावाच्या दुप्पट होते. मात्र मोठ्या गावात शिरल्यावर ५०० पैकी १० घरं घ्यायची, लहान गावात २५० पैकी १०. दोन्ही गुणले की दोन्हीकडच्या प्रत्येक घराची शक्यता ५०० त एक अशी सारखी येते. मोठ्या गावाला आधी दिलेलं झुकतं माप पुढच्या टप्प्यावर फिटतं.

फक्त यादी जुनी असते. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे २०११ च्या आकड्यांवरच पुष्कळ सर्वेक्षणं उभी आहेत. म्हणून निवडलेल्या गावात जाऊन घरांची यादी नव्याने करावी लागते, वाड्या-वस्त्यांसकट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही गावं जनगणनेच्या यादीवरून निवडतात, मग तिथे ताजी यादी करून २२ घरं घेतात. तुमच्या यादीत ५०० ऐवजी ६२० घरं निघाली तर दर ६२ वं घर घ्यायचं. त्या गावातल्या घराची शक्यता ६२० त एक झाली, म्हणून विश्लेषणात त्या घराला तेवढ्या प्रमाणात जास्त वजन द्यायचं. हे वजन दिलं की नाही, ते अहवालात एका वाक्यात लिहायचं असतं. ते वाक्य मला क्वचित दिसतं.

राहिला तिसरा आकडा. ८.२ टक्के ही केवळ नशिबाची चूक आहे, वेगळी चिठ्ठी निघाली असती तर उत्तर किती हललं असतं एवढीच. मोजण्यातल्या चुकीबद्दल हे सूत्र अवाक्षर काढत नाही. हा धडा मराठी माणसाने जगाला दिलेला आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधमध्ये जन्मलेले पां. वा. सुखात्मे १९४० च्या दशकात पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज घेत होते. शेतातला छोटा तुकडा कापून धान्य मोजायचं, त्यावरून शेताचं उत्पन्न काढायचं, अशी रीत. तुकडा फार लहान असला की उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, असं त्यांनी दाखवून दिलं. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, हा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो, आणि लहान तुकड्यात आतल्या भागाच्या मानाने कड जास्त असते. असे तुकडे हजार घ्या की दहा हजार, ही चूक कमी होत नाही. उलट चुकीच्या आकड्यावरचा विश्वास तेवढा वाढतो.

आपल्या सर्वेक्षणातली अशी कड म्हणजे बंद घर. कुलूप दिसलं की शेजारचं घर घ्या, अशी सूचना अनेक संस्था देतात आणि ४०० चा आकडा पुरा होतो. पण सर्वेक्षण जानेवारीत झालं असेल आणि जिल्हा मराठवाड्यातला असेल, तर ते कुलूप ऊसतोड कामगाराचं असण्याची शक्यता मोठी असते. तो दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर गेलेला असतो, आणि शेजारचं घर म्हणजे गावातच राहू शकणारं कुटुंब. म्हणून १० मुलाखती हव्या असतील तर आधीच ११ घरं निवडावीत, प्रत्येक बंद घरी वेगवेगळ्या वेळी तीनदा जावं आणि बदली घर घेऊ नये. मग आराखड्याच्या शेवटी लिहावं: सर्वेक्षण कोणत्या महिन्यात झालं, ४४० पैकी किती घरं भेटली, किती बंद होती आणि शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांतली किती तोडीला गेलेली होती.